सांबारात भोपळा विरघळतो, कांदा कच्चा राहतो: चिंच नेमकी कधी घालायची?

चेंबूरची_मीनल

मिक्स भाज्यांचं सांबार करायचं आहे, साधारण सहा जणांसाठी. भाज्या अशा: शेवग्याच्या शेंगा, सांबार कांदे, गाजर, लाल भोपळा आणि छोटी वांगी. चव जमते, मसाल्याबद्दल तक्रार नाही. घोळ आहे तो फोडींचा.

पद्धत १: सगळ्या भाज्या चिंचेच्या कोळात एकदम घालून झाकण ठेवून शिजवल्या. पंचवीस मिनिटं झाली तरी कांदा दाताखाली करकरतो, शेंग चोखली तर गर सुटत नाही. तोवर भोपळ्याच्या कडा गळून गेलेल्या असतात.

पद्धत २: सगळ्या भाज्या डाळीबरोबर कुकरला. चार शिट्ट्यांनंतर भोपळा गायब, वांग्याची नुसती सालं तरंगतात आणि शेंगा फाटून त्यांचे धागे सांबारभर होतात.

हॉटेलातल्या सांबारात फोड चमच्यावर अख्खी येते आणि दाबली की मऊ असते. मला तेच हवं आहे. भाज्यांचा क्रम काय ठेवायचा, आणि त्यात चिंच कुठे बसते?

दादर_फास्ट

पद्धत ३: दोन्ही सांबारं एकत्र करा. एकातला कच्चा कांदा, दुसरीतला विरघळलेला भोपळा, सरासरी बरोबर येईल.

शिट्टी_तीन

ताई, चार शिट्ट्या कशाला? भाज्या वेगळ्या भांड्यात घालून एकच शिट्टी करा, प्रश्न मिटला. आणि मीठ शेवटी घाला. मिठानेच कांदा कडक राहतो. कडधान्यांना लागू आहे ते भाज्यांनाही लागू.

नागपुरी_तर्री

शीर्षक वाचून दोन मिनिटं विचार करत होतो की सांबारात भोपळा कशाला घालतात. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर! सांबारवडीत भोपळा घालू नका एवढं नक्की सांगतो. बाकी तुमचं चालू द्या.

ओगराळं

मीनलताई, तुमच्या दोन्ही पद्धतींत एकच चूक आहे, फक्त उलट्या टोकांनी. पहिलीत चिंच फार लवकर पडली, दुसरीत ती भाज्यांपर्यंत वेळेत पोचलीच नाही.

चिंचेकडे नुसता आंबटपणा म्हणून बघू नका. भाजीच्या शिजण्याला लागणारा तो ब्रेक आहे. भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे, पेरूची जेली ज्याने धरते तेच हे. साध्या पाण्यात उकळलं की ते हळूहळू सुटतं आणि फोड मऊ पडते. पाणी आंबट असलं की तेच सुटणं फार मंद होतं. म्हणून कोळ पडला की फोड ज्या अवस्थेत असेल जवळपास तिथेच अडकते. पुढे शिजते, पण रखडत.

यातून क्रम आपोआप निघतो. जी भाजी मऊ व्हायला वेळ घेते ती चिंचेच्या आधी, साध्या पाण्यात. जी पटकन गळते ती चिंचेत किंवा चिंचेनंतर. पद्धत १ मध्ये कांद्याला पहिल्या मिनिटापासून ब्रेक लागला होता, म्हणून तो करकरला. तुम्ही म्हणाल, मग त्याच कोळात भोपळा कसा गळला? ब्रेक म्हणजे कुलूप नव्हे. भोपळा मुळातच इतका नाजूक की पंचवीस मिनिटं त्याला ब्रेक लागूनही पुरून उरतात.

@शिट्टी_तीन, एक शिट्टीचं गणित पाचही भाज्या एकाच वेगाने शिजत असत्या तर चाललं असतं. शेंगेला जेवढी वाफ लागते तेवढ्यात वांगं संपतं. मिठाचं मात्र उलट आहे. साध्या मिठाने भाजी कडक होत नाही, झालीच तर किंचित लवकर मऊ होते. शिवाय सुरुवातीला घातलेलं मीठ फोडीच्या आत मुरतं, शेवटी घातलेलं बाहेरच्या रसात राहतं. निम्मं मीठ आधी घालावं.

चेंबूरची_मीनल

हे पटलं. पण "आधी" म्हणजे किती आधी? कांदा पूर्ण शिजवून मग चिंच घालायची का?

ओगराळं

पूर्ण नाही, चौदा आणे. कारण कोळ घातल्यावर सांबार लगेच उतरवता येत नाही. चिंचेचा कच्चा वास जायला आठ ते दहा मिनिटं उघडं उकळावं लागतं आणि नंतर डाळीबरोबर आणखी चार-पाच मिनिटं. त्या वेळात उरलेले दोन आणे भरून निघतात. पूर्ण शिजवून चिंच घातली तर फोड गळेलच असं नाही, पण डाळ ढवळताना कडा झिजतात.

तुमच्याच भाज्यांवर क्रम लिहितो. सहा जणांसाठी तूरडाळ 150 ग्रॅम, हळद घालून कुकरला वेगळी, मऊ शिजवून घोटलेली. बिया काढलेली चिंच 25 ग्रॅम, म्हणजे छोट्या लिंबाएवढा गोळा, दीड वाटी गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून कोळ काढलेला. शेंगा दोन, बोटभर लांबीचे तुकडे. सांबार कांदे बारा, सोलून अख्खे. गाजर एक मोठं, अंगठ्याएवढे जाड तुकडे. भोपळा 150 ग्रॅम, सालीसकट, दीड इंचाच्या फोडी. वांगी तीन, चार फाका करून मिठाच्या पाण्यात.

पातेलं पसरट घ्या. उभ्या डब्यात फोडींवर फोडी रचल्या जातात, मग तळाच्या गळतात नि वरच्या कच्च्या राहतात.

दोन चमचे तेलात कांदे तीन मिनिटं परता, बाहेरचा पापुद्रा काचेसारखा दिसू लागेपर्यंत. त्यात शेंगा, हळद, निम्मं मीठ आणि दोन वाट्या पाणी. झाकण ठेवून मंद-मध्यम आचेवर पाच मिनिटं. मग गाजर घालून आणखी सात मिनिटं. आता थांबा आणि तपासा. गाजरात सुरीचं टोक सहज शिरावं, पण अगदी मधे थोडं अडावं. कांदा चमच्याच्या पाठीने दाबला तर पापुद्रे एकमेकांवरून सरकावेत, फुटू नयेत. शेंगेचा तुकडा बोटांनी दाबला तर तो बाजूने उमलायला लागावा. तिन्ही झालं की वेळ झाली.

आता कोळ, दीड मोठा चमचा सांबार मसाला, भोपळा आणि वांगी, हे सगळं एका दमात. झाकण नाही. उकळी फुटली की आच कमी करून आठ ते दहा मिनिटं. भोपळा आणि वांगं पहिल्यापासून आंबटात शिजतात, म्हणून आतून मऊ होऊनही कडा धरून ठेवतात. कच्चा वास गेला की घोटलेली डाळ थोडं गरम पाणी घालून सैल करून ओता. चार-पाच मिनिटांत कडेने फेस चढायला लागेल. फेस चढला की गॅस बंद. डाळ पडल्यावर खळाखळा उकळू द्यायचं नाही, त्यात फोडी एकमेकींवर आपटतात आणि तळाला डाळ धरते.

केळफूल

वाचनखूण साठवली! "चौदा आणे" विशेष आवडलं. आमच्या घरच्या नव्या पिढीला 87.5 टक्के असं सांगावं लागेल.

माटुंगा_पूर्व

ओगराळं यांच्याशी बहुतेक सहमत, फक्त वांग्याबद्दल नाही. वांगं पाण्यात किंवा कोळात थेट टाकलं तर ते स्पंजासारखं रस पितं आणि आतून पचपचीत होतं. फाका आधी तेलात चार-पाच मिनिटं परता, कापलेल्या बाजूला तांबूस डाग येईपर्यंत, आणि कोळाला उकळी येऊन तीन-चार मिनिटं झाल्यावर घाला. फाका देठाकडून जोडलेल्या ठेवल्या तर आणखी बरं. आमच्या शेजारच्या मामी तर वांगं मिक्स सांबारात घालतच नाहीत, एकट्या वांग्याचं वेगळं करतात. त्यांच्या मते चार भाज्यांबरोबर वांग्याचं हित सांभाळता येत नाही.

भोपळ्याचं साल ठेवण्याबद्दल शंभर टक्के. साल म्हणजे त्या फोडीचा कणा.

सांबार कांदे माटुंग्याला स्टेशनजवळच्या भाजीबाजारात सहज मिळतात. सोलायचा कंटाळा असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात टाका, साल सुटते. मात्र मुळाकडची चकती कापून काढू नका, फक्त केसर खरडा. ती चकती गेली की कांदा उकळताना पाकळी-पाकळी सुटतो, मग तिथे चिंचही काही करू शकत नाही.

ओगराळं

मुळाकडच्या चकतीची गोष्ट लिहायची राहिलीच होती, बरं झालं.

वांगं परतून घालण्याला विरोध नाही, चव चांगलीच येते. पण सहा जणांच्या सांबाराला वेगळी कढई, वेगळं तेल एवढा घाट रोज होत नाही. थेट कोळात घातलेलं वांगंही उभं राहतं, फक्त ते पोपटी काटेरी किंवा छोटं जांभळं कोवळं हवं. भरताचं मोठं वांगं घेऊन चौकोन केले तर कुठल्याही क्रमाने गळणारच.

माटुंगा_पूर्व

उभं राहतं, पण साल चिवट होते. आंबटात शिजलेलं साल आणि तेलात परतलेलं साल दाताला वेगळं लागतं.

गवती_चहा

माझं प्रकरण थोडं वेगळं आहे. आमच्याकडे सोसायटीला टँकरचं पाणी येतं. मी चिंच शेवटी घालते, तरीही गाजर आणि शेंग वीस मिनिटांत होत नाही, आणि डाळ तर सात शिट्ट्या घेते. म्हणजे चिंचेचा काही संबंध नाही असंच म्हणायचं ना?

कडबोळं

टँकरचं पाणी म्हणजे बहुधा बोअरचं. त्यात चुना जास्त, म्हणून भांड्यांवर पांढरे डाग पडतात. तो चुनाही भाजी आणि डाळ कडक ठेवतो. पेठ्याचा कोहळा चुन्याच्या निवळीत ठेवतात तो फोडी मोडू नयेत म्हणूनच. पालिकेच्या तलावांचं पाणी हलकं असतं, त्यात हा त्रास नाही. शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी वापरून बघा, साध्या फिल्टरने चुना जात नाही. आणि चिंचेचा संबंध नाही असं नाही, तुमच्याकडे दोन ब्रेक आहेत एवढंच.

गवती_चहा

भांड्यांवर डाग आहेत! गीझरची कॉइलसुद्धा पांढरी होते. बघते फिल्टरचं पाणी घेऊन.

दादर_फास्ट

म्हणजे टँकरच्या पाण्यात चिंच आधी घातली तर सांबाराचं लोणचं होईल.

शिट्टी_तीन

मी अजून माझ्या मुद्द्यावर आहे. ऑफिसला जाणाऱ्या माणसाने पातेल्यासमोर अर्धा तास उभं राहायचं का? आणि उडप्यांकडे भाज्या वेगळ्या उकडून ठेवतात, सांबार तयार झालं की वरून घालतात. तिथे चिंचेच्या ब्रेकची भानगडच नाही. फोडी तर अख्ख्या असतात.

ओगराळं

उकडून वरून घालायची पद्धत चूक नाही, तिचं कारण वेगळं आहे. हॉटेलात सांबार सकाळी होतं आणि दुपारपर्यंत गरम राहतं. भाज्या पहिल्यापासून त्यात असत्या तर अकरा वाजता लापशी झाली असती. म्हणून लागतील तशा घालतात. तोटा असा की फोडीच्या आत आंबट-तिखट काही शिरलेलं नसतं. चावली की आत नुसतं उकडलेलं गाजर लागतं. घरी लगेच जेवायला बसणार असाल तर तो तोटा का सोसायचा?

कुकरच वापरायचा असेल तर मधला मार्ग आहे. खाली डाळ, वरच्या भांड्यात फक्त गाजर आणि कांदे, पाणी न घालता. शेंग नको. पहिली शिट्टी झाली की गॅस बंद करून वाफ हळूहळू सोडा आणि वरचं भांडं काढून घ्या. मग डाळीला पुन्हा शिट्ट्या द्या. तोवर दुसऱ्या शेगडीवर कोळ, मसाला, भोपळा, वांगी सुरू करा. उभं राहायला लागतं ते दहा मिनिटं.

शिट्टी_तीन

हे मान्य. पण मग शेंग कशात?

ओगराळं

शेंग ज्या दिवशी वेळ असेल त्या दिवशी. कुकरमध्ये ती फाटते, आणि फाटलेल्या शेंगेचे धागे वेचत बसायचा वेळ पातेल्यासमोर उभं राहण्यापेक्षा जास्त जातो.

केळफूल

मी बाटलीतली चिंचेची पेस्ट वापरते. तिलाही दहा मिनिटं उकळायचं का? तेवढं उकळलं तर सांबार काळपट होतं.

माटुंगा_पूर्व

नाही. बाटलीतला घट्ट कोळ आधीच शिजवून आटवलेला असतो, त्याला कच्चा वास जवळपास नसतो. तीन-चार मिनिटं पुरतात. पण इथेच क्रम बदलतो, लक्षात घ्या. उकळण्याची मिनिटं कमी झाली म्हणजे फोडींना उरलेले दोन आणे भरून काढायला वेळ मिळत नाही. म्हणून पेस्ट वापरताना गाजर-शेंग आधीच पंधरा आणे शिजवून घ्या, आणि भोपळा पेस्टच्या आधी तीन-चार मिनिटं साध्या पाण्यात जाऊ द्या. वरची कृती तशीच ठेवून फक्त चिंचेच्या जागी पेस्ट घातली तर भोपळा मधे कच्चा राहील.

पेस्ट किती आंबट ते बाटलीगणिक बदलतं. एक चमचा घालून चाखा, मग पुढचा. काळपटपणा पेस्टचाच असतो. जुन्या काळ्या चिंचेनेही तसंच होतं, नवी चिंच तांबूस रंग देते.

केळफूल

अरे वा. भोपळा मधे कच्चा का राहतो हे कोडं होतं, ते सुटलं. आणि टोमॅटो? तो तर मी कांद्याबरोबरच परतते, भाजीसारखा.

ओगराळं

तिथे बऱ्याच जणांचा पाय घसरतो. चिंच शेवटी घालायची म्हणून जपतात आणि दोन टोमॅटो मात्र कांद्याबरोबर सुरुवातीला. टोमॅटोही आंबटच आहे, चिंचेहून मवाळ एवढंच. कांदा त्यात परतला की तिथेच अर्धा ब्रेक लागतो. टोमॅटो घालायचाच तर कोळाबरोबर घाला आणि चिंच तेवढी कमी करा.

कडबोळं

अवांतर: चिंचेऐवजी आमसूल चालेल का? तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपलं म्हणून आमटीत चिंच घातली आणि सांबार जन्माला आलं, संभाजीराजांच्या नावावरून सांबार, अशी गोष्ट सगळीकडे फिरते.

दादर_फास्ट

आता हा धागा शंभरी गाठणार.

माटुंगा_पूर्व

गोष्ट गोड आहे, पण तिला समकालीन कागदाचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. त्यावर वेगळा धागा काढा, इथे भोपळा वाट बघतोय.

आमसूल चालतं, पण वागणूक वेगळी. आमटीत आपण ते शेवटी टाकतो कारण त्याला चिंचेसारखं उकळून वास घालवावा लागत नाही. म्हणजे भाज्या जवळपास पूर्ण शिजवून मग पाच-सहा आमसुलं. अर्थात त्याची चव सांबाराची नाही, आमटीची येते. सांबार म्हणून वाढलंत तर आमच्या मामी ओळखतील.

गवती_चहा

भेंडी आणि फरसबीचं कुणी बोललंच नाही. भेंडी तार सोडते आणि फरसबी चिंचेत घातली की शेवाळी रंगाची होते. रंग राहायला काही उपाय?

ओगराळं

भेंडी: मोठे तुकडे, दोन बोटं लांबीचे. कोरडी पुसून तेलात सहा-सात मिनिटं परता, तार तुटेपर्यंत. मग कोळाच्या शेवटच्या पाच मिनिटांत. आंबटाने उरलेली तारही मोडते. भेंडी साध्या पाण्यात कधीच शिजवू नका.

फरसबीच्या रंगावर उपाय नाही. हिरवा रंग आंबट पाण्यात टिकत नाही. आधी पाच-सहा मिनिटं गाजराबरोबर शिजवा म्हणजे कच्ची राहत नाही, रंग सोडून द्या. हिरवीगारच हवी असेल तर वेगळी उकडून वाढताना वर घाला. चिमूटभर सोड्याने रंग राहतो असं कुणी सांगेल, पण सोडा हा चिंचेचा नेमका उलटा, फोड पार लिबलिबीत करतो.

शिट्टी_तीन

सोडा चिंचेचा उलटा, मग चिंच लवकर पडून कांदा कच्चा राहिला तर तिथे चिमूटभर सोडा टाकून ब्रेक काढता येईल की! कसं वाटतं?

कडबोळं

तत्त्वतः बरोबर, जेवायच्या दृष्टीने नाही. कांदा मऊ व्हायच्या आत भोपळा जाईल, आंबटपणा मरेल म्हणून परत चिंच घालाल, आणि सोड्याची चव राहील ती राहीलच.

बिघडलेलं वाचवायचं असेल तर झाऱ्याने कांदे आणि शेंगा काढून घ्या, वेगळ्या भांड्यात साध्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा आणि परत सांबारात सोडा. आत थोडा आंबट रस शिरलेला असतो म्हणून नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, पण होतात. ते पाणी फेकू नका, सांबार सैल करायला तेच वापरा.

नागपुरी_तर्री

कोथिंबीर समजून आलो होतो, पण आता अडकलो. प्रश्न: सांबार उतरवताना फोडी अगदी नेमक्या असतात, अर्ध्या तासाने जेवायला बसलं की भोपळा मोडतो. कोळ, क्रम सगळं बरोबर करूनही. असं का?

माटुंगा_पूर्व

कारण गॅस बंद झाला तरी सांबार शिजायचं थांबत नाही. जाड बुडाचं पातेलं, वर घट्ट झाकण, आत डाळ. डाळीच्या घट्टपणामुळे उष्णता लवकर बाहेर जात नाही. भोपळ्याला तेवढी आणखी दहा मिनिटं पुरतात. लगेच वाढणार नसाल तर भोपळा कोळाला उकळी आल्यावर चार मिनिटांनी घाला, उतरवताना तो मधे किंचित टणक असू द्या, आणि झाकण थोडं तिरकं ठेवा. पुन्हा गरम करताना डाव फिरवू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा.

ओगराळं

+१. आणि फोडणी वरून घातल्यावर ढवळायची फार घाई असते लोकांना. डावाचं तोंड पातेल्याच्या कडेने खाली घालून तळाचं वर आणायचं, एकदाच. मधोमध गरगर फिरवलं तर एवढं सांभाळलेलं सगळं त्या तीन फेऱ्यांत जातं.

चेंबूरची_मीनल

सगळ्यांचे आभार. आज ओगराळं यांच्या क्रमाने केलं, चिंच 25 ग्रॅम, मोजून.

कांदे अख्खे आणि मऊ. गाजर अगदी हवं तसं. शेंग दातात धरून ओढली की गर पूर्ण सुटला. भोपळ्याच्या बाराच्या बारा फोडी मोजता आल्या, सालीकडची बाजू एकदम धारदार. चिंच घातल्यावर एक गंमत दिसली: आधीच्या पाण्यात गाजराच्या कडा गोल होत चालल्या होत्या, कोळ पडल्यावर दहा मिनिटं उकळूनही त्या तशाच राहिल्या.

वांगं मात्र जमलं नाही. फाका थेट कोळात घातल्या होत्या. मोडल्या नाहीत, पण आतून पाणी पाणी, आणि साल खरंच चिवट.

माटुंगा_पूर्व

बघा.

ओगराळं

वांगी कोणती होती?

चेंबूरची_मीनल

छोटी जांभळी. पण एकदोन फाकांत काळ्या बिया होत्या.

ओगराळं

मग जून होती, त्यात क्रमाचा दोष नाही. कोवळी आणून एकदा तशीच करा, निम्म्या फाका परतून आणि निम्म्या थेट.

माटुंगा_पूर्व

कोवळी आणा आणि सगळ्याच परता. उगाच निम्मी वांगी कशाला वाया घालवायची?